तोंडी ठरलं होतं, पण आर्टिकल्समध्ये नव्हतं

मेमोरँडम म्हणजे कंपनी कशासाठी काढली ते, आणि आर्टिकल्स म्हणजे तिचा आतला कारभार कसा चालेल ते, हे तुम्हाला पाठ असेल. पण हे कागद नक्की कुणाला बांधतात? आज एका खटल्यातून बघूया.

रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन, सुप्रीम कोर्ट, एआयआर १९९२. दोन भावांची एक प्रायव्हेट कंपनी. एकूण शेअर्स फक्त ५०, प्रत्येकाच्या घराकडे २५. १९५१ मध्ये दोघांनी तोंडी ठरवलं की ही बरोबरी कायम ठेवायची. कुणाला शेअर्स विकायचे असतील, तर आधी आपल्याच घरातल्यांना विचारायचं. त्यांनी नाही म्हटलं, तरच दुसऱ्याला द्यायचे.

पुढच्या पिढीत एका भावाच्या मुलाने आपले शेअर्स थेट चुलत भावांना विकले. पंचवीस-पंचवीसचा तोल गेला. त्याचे सख्खे भाऊ कोर्टात गेले. खालचं कोर्ट आणि हायकोर्ट, दोन्हीकडे ते जिंकले. सुप्रीम कोर्टात मात्र हरले.

का? कारण ही अट आर्टिकल्समध्ये नव्हती. कायदा असं मानतो की मेमोरँडम आणि आर्टिकल्सवर कंपनीने आणि प्रत्येक सभासदाने जणू स्वतः सही केली आहे. आज हे कलम १० मध्ये आहे, १९५६ च्या कायद्यात कलम ३६ मध्ये होतं. म्हणून आर्टिकल्समधली अट नंतर आलेल्या सभासदालाही लागू होते, त्याने ती वाचलेली नसली तरी! आणि शेअर्स विकण्यावरची जी अट आर्टिकल्समध्ये नाही, ती कंपनीलाही बांधत नाही आणि शेअरहोल्डरलाही नाही, असं कोर्टाने म्हटलं.

आता समजा, त्या भावांनी अट आर्टिकल्समध्ये घातली असती. मग ती नंतर कुणी काढून टाकली असती का? आर्टिकल्स बदलायला कलम १४ प्रमाणे विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. सगळ्यांनी मतदान केलं तर पंचवीस-पंचवीसमध्ये कुठलंच घर एकट्याने तेवढी मतं मिळवू शकत नाही. एक ओळ लिहिली असती, तर बरोबरी टिकली असती.

पेपरात एक काळजी घ्या. २०१३ च्या कायद्यात कलम ५८(२) म्हणतं की शेअर्स विकण्याबद्दल दोघांनी आपसात केलेला करार, करार म्हणून अमलात आणता येतो. पण ते कलम पब्लिक कंपनीबद्दल बोलतं. त्यामुळे प्रश्नातली कंपनी प्रायव्हेट असेल, तर आधी हेच तपासा: अट आर्टिकल्समध्ये आहे का?

भेटू पुढच्या भागात.