डोळे कुठे, हात कुठे: आपला व्हिडिओ मोजून पाहूया

आपल्या बऱ्याच गटांतल्या बायका आता मोबाईलवर माहितीचे व्हिडिओ करतात. कुणी मसाल्याचा करतं, कुणी शेळीच्या लसीकरणाचा, कुणी बियाण्याचा. व्हिडिओ झाला की सगळ्या जमून बघतात आणि म्हणतात, "छान झालाय गं," नाहीतर "थोडी घाबरलीस." पण कुठे घाबरली आणि कशावरून तसं वाटलं, हे या शब्दांतून कळत नाही. म्हणून आज व्हिडिओतलं बोलणं मोजून कसं तपासायचं ते सांगते. मोजायच्या दोनच गोष्टी आहेत: बोलणारीची नजर आणि तिचे हात.

आधी नजर. मोबाईलच्या पडद्यावर आपला चेहरा दिसतो, पण आपल्याला टिपतं ते भिंग. मोबाईल उभा, हाताच्या अंतरावर धरून पुढच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढला आणि पडद्यावर स्वतःकडेच बघत बोललं, तर बघणाऱ्याला आपली नजर खाली गेलेली दिसते. मोबाईल आडवा धरला तर भिंग एका बाजूला जातं आणि नजरही बाजूला गेलेली दिसते. मोबाईल पाच-सहा फुटांवर ठेवला की हा फरक फारसा जाणवत नाही. मागच्या बाजूला दोन-तीन भिंगं असतील, तर एकेकावर बोट ठेवून बघा. ज्यावर बोट ठेवल्यावर पडद्यावरचं चित्र झाकलं जातं, ते आपलं भिंग.

आता मोजणी. आवाज बंद करा आणि व्हिडिओ दर पाच सेकंदांनी थांबवा. दोन मिनिटांच्या व्हिडिओत असे २४ थांबे येतात. प्रत्येक थांब्याला वहीत एकच अक्षर लिहायचं. नजर भिंगाकडे असेल तर 'भ', हातातल्या किंवा समोरच्या वस्तूकडे असेल तर 'व', आणि कागद, मोबाईल धरणारी बाई किंवा रस्ता असं दुसरीकडे असेल तर 'इ'. थांबा नेमका पापणी मिटताना आला तर किंचित पुढे नेऊन बघा. 'व' म्हणजे चूक नव्हे हं. बियाणं दाखवताना बियाण्याकडेच बघायला हवं, म्हणजे बघणाऱ्याचीही नजर तिथे जाते.

मग व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावा, वेग निम्मा करा आणि फक्त हात बघा. नजर आणि हात एकाच वेळी मोजायला गेलं की दोन्ही हुकतात. हात जागेवरून उठला, काही केलं आणि पुन्हा थांबला, की एक हालचाल. तिचे दोन रकाने करा. आकार दाखवणं, बोटांवर मोजणं, वस्तूकडे बोट करणं या सांगणाऱ्या हालचाली. बांगड्या फिरवणं, पदराचं टोक चुरगाळणं या चुळबुळीच्या. घसरलेला पदर एकदा सावरला तर तो कुठेच धरू नका. आणि चौकटीत हातच दिसत नसतील, तर हालचाली शून्य लिहू नका. तिथे मोबाईल थोडा मागे न्यायला हवा.

आता आमच्या गटातल्या एका ताईंचा व्हिडिओ घेऊ. विषय होता सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासणं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे ठेवायचे, वर ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ओलसर ठेवायची आणि सहा-सात दिवसांनी चांगले उगवलेले दाणे मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं. कमी निघाले तर त्या मानाने एकरी बियाणं वाढवायचं.

दोन मिनिटांच्या त्या व्हिडिओत 'भ' ९, 'व' ७ आणि 'इ' ८ आले. एकूण हालचाली १७, त्यांतल्या सांगणाऱ्या ६ आणि चुळबुळीच्या ११. एवढ्यावरून काय कळतं? फारसं काही नाही. खरी गोष्ट कळली ती अक्षरं ओळीने वाचल्यावर. आठ 'इ'पैकी पाच सलग होते, १ मिनिट २५ सेकंदांपासून १ मिनिट ४५ सेकंदांपर्यंत. चुळबुळीच्या निम्म्याहून जास्त हालचालीही तिथेच होत्या. मग आवाज सुरू करून तेवढाच भाग ऐकला. ७० चा आकडा आणि बियाणं वाढवण्याची गोष्ट नेमकी तिथेच होती. दाणे मांडताना ताई अगदी मोकळ्या होत्या, कारण ते काम त्यांच्या हातातलं. आकडे मात्र त्या मोबाईलच्या खाली धरलेल्या कागदावरून वाचत होत्या. ज्या वाक्यासाठी व्हिडिओ काढला, त्याच वाक्याला त्या बघणाऱ्या बाईकडे बघत नव्हत्या.

मोजणीतून हेच शोधायचं असतं. एकूण किती, यापेक्षा कुठे, हे महत्त्वाचं. आम्ही कागद काढून घेतला. त्याजागी मोठ्या अक्षरांत "७० वर: नेहमीसारखं. ७० खाली: वाढवा" एवढंच पुठ्ठ्यावर लिहून तो भिंगाला अगदी चिकटून लावला. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. दुसऱ्या वेळी 'भ' १३, 'व' ८ आणि 'इ' ३ आले, तेही विखुरलेले. हालचाली १७ वरून १४ झाल्या, पण सांगणाऱ्या ६ च्या ९ झाल्या आणि चुळबूळ ११ वरून ५ वर आली. नुसती बेरीज बघितली असती, तर ताईंचे हात आखडले असंच वाटलं असतं.

मोजणी नेहमी दोघींनी, एकमेकींची वही न बघता करावी. ताईंच्या पहिल्या व्हिडिओत २४ पैकी २० थांबे जुळले. उरलेल्या चारही थांब्यांना वाद एकच: नजर भिंगाकडे की पडद्याकडे? त्यावर सोपा उपाय आहे. व्हिडिओच्या सुरुवातीला बोलणारीने तीन सेकंद भिंगाकडे, तीन सेकंद पडद्याकडे आणि तीन सेकंद कागदाच्या जागी बघावं. मोजताना या नमुन्याशी ताडून बघायचं. व्हिडिओ पाठवण्याआधी तेवढा भाग कापून टाकायचा.

शेवटी या मोजणीची हद्द सांगते. माहिती बरोबर आहे का, आवाज स्पष्ट आहे का, हे यातून कळत नाही. ते वेगळं तपासायचं. कुणी मुळात हात कमी हलवते, कुणी जास्त. कुणाच्या डोळ्यांत तिरळेपणा असतो, तिथे डोळ्यांऐवजी चेहरा कुठे वळलाय ते बघायचं. म्हणून एकीचे आकडे दुसरीच्या आकड्यांशेजारी मांडू नका. ताईंची तुलना ताईंच्याच आधीच्या व्हिडिओशी. आणि दोन व्हिडिओ कमी-जास्त लांबीचे असतील, तर थांबे दर दहामागे किती 'भ' आणि हालचाली दर मिनिटाला किती, असा हिशोब करा.

पुढच्या बैठकीत एक जुना व्हिडिओ, एक वही आणि दोन मोजणाऱ्या एवढं घेऊन बसा. सलग तीन 'इ' कुठे दिसले तर तिथे आवाज सुरू करा आणि त्या वेळी काय सांगितलं जात होतं ते ऐका.