तुमच्या खात्यातले पैसे आणि बँकेचा ‘सेट-ऑफ’चा हक्क

आज एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. बचत खात्यात ठेवलेले पैसे कोणाचे असतात? आपण पटकन म्हणतो, आपलेच की! कायद्याच्या भाषेत मात्र तुम्ही ते पैसे बँकेला उसने दिलेले असतात. बँक तुमची देणेकरी असते. आता त्याच बँकेकडून तुम्ही गाडीसाठी कर्ज घेतलंत, की तुम्हीही तिचे देणेकरी झालात. मग बँक म्हणते, आपण एकमेकांचं देणं लागतो, तेव्हा एक दुसऱ्यातून वजा करू. या वजाबाकीच्या हक्काला ‘सेट-ऑफ’ म्हणतात. त्यासाठी बँकेला कोर्टात जावं लागत नाही, आणि बहुतेक वेळा ती आधी कळवतही नाही.

इथे ट्रॉयमध्ये हे कसं घडू शकतं, ते एका उदाहरणातून पाहू. माणसं कल्पित आहेत, पण असा प्रसंग आपल्यापैकी कोणावरही येऊ शकतो. ऑटो कंपनीत काम करणाऱ्या एका इंजिनिअरने एकाच बँकेत चेकिंग खातं, बचत खातं आणि गाडीचं कर्ज अशा तिन्ही गोष्टी ठेवल्या आहेत. पगारही तिथेच जमा होतो. गाडीचा हप्ता ४६५ डॉलर आणि बाकी कर्ज ११,२०० डॉलर. घराचं कर्ज मात्र दुसऱ्या कंपनीचं, त्याचा १,९८० डॉलरचा हप्ता दर १ तारखेला चेकिंग खात्यातून आपोआप जातो.

नोकरी सुटते. गाडीचे दोन हप्ते चुकतात, म्हणजे ९३० डॉलर. गृहस्थ विचार करतात, आधी घर सांभाळू, गाडीचं पुढच्या महिन्यात बघू. शेवटचा पगार जमा झाल्यावर चेकिंगमध्ये ३,२०० आणि बचत खात्यात ४,१०० डॉलर होतात. दुसऱ्या दिवशी बघतात तर दोन्ही खाती शून्यावर! ७,३०० डॉलर कर्जात वळते झालेले. १ तारखेला घराचा हप्ता परत जातो आणि वर दंड बसतो.

इथे पहिला प्रश्न मनात येतो तो हा: थकले होते ९३०, मग ७,३०० कसे घेतले? उत्तर कर्जाच्या करारात आहे. बहुतेक करारांत असं कलम असतं, की हप्ते थकले तर बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते. तशी मागणी केली, की ११,२०० डॉलर त्याच दिवशी देय ठरतात. सेट-ऑफ फक्त देय झालेल्या रकमेसाठीच चालतो, म्हणून हे कलम एवढं महत्त्वाचं. बँकेने हे पाऊल उचललं नसेल, तर तिला फक्त थकलेल्या हप्त्यांपुरतंच घेता येईल. म्हणून पैसे गेल्यावर आधी हे विचारा: पूर्ण कर्ज तुम्ही कोणत्या तारखेला देय ठरवलंत? कोणत्या कलमाखाली? उत्तर लेखी मागा. स्टेटमेंटवर अशी नोंद बहुधा `SETOFF` किंवा `OFFSET` अशा शब्दांनी दिसते.

मिशिगनमध्ये पुष्कळ लोकांची खाती क्रेडिट युनियनमध्ये असतात. तिथे बँकेपेक्षा वेगळी वागणूक मिळेल असं समजू नका. केंद्रीय सनद असलेल्या क्रेडिट युनियनला सभासदाच्या ठेवींवर कायद्यानेच ताबाहक्क मिळालेला आहे. कर्ज थकलं, की तीही कोर्टाच्या निकालाशिवाय खात्यातून रक्कम घेऊ शकते.

आता क्रेडिट कार्डाकडे वळू, कारण इथे नियम अगदी उलटा आहे. त्याच बँकेच्या क्रेडिट कार्डाचं बिल थकलं, तर तिने तुमच्या खात्यातून परस्पर पैसे काढायचे नाहीत, असं अमेरिकेचा केंद्रीय कायदा सांगतो. हा नियम ‘रेग्युलेशन झेड’मध्ये १०२६.१२(डी) या कलमात आहे. पैसे काढणं तर नाहीच, पण कार्डाच्या थकबाकीपायी खातं गोठवणंही चालत नाही. याला अपवाद आहेत. तुम्ही स्वतः लेखी संमती देऊन आपोआप बिल भरण्याची सोय घेतली असेल, तर ते पैसे जातील. कार्ड घेताना खात्यातली ठेव तारण म्हणून स्पष्टपणे, जाणूनबुजून लिहून दिली असेल, तर तेही चालतं. आणि बँकेने कोर्टात जाऊन निकाल मिळवला, तर मग त्या मार्गाने वसुली होऊ शकते. यापैकी काहीच नसताना कार्डासाठी पैसे कापले गेले, तर या कलमाचा आकडा लिहून बँकेकडे तक्रार करा. दाद मिळाली नाही तर सीएफपीबीकडे, म्हणजे ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाच्या केंद्रीय कार्यालयाकडे जाता येतं.

दुसरी मर्यादा खात्याच्या मालकीची. देणं आणि ठेव एकाच माणसाची, एकाच नात्याने असावी लागते. मुलासाठी उघडलेल्या कस्टोडियल खात्यातला पैसा मुलाचा असतो, तो तुमच्या गाडीच्या कर्जासाठी घेता येत नाही. संयुक्त खात्याचं मात्र तसं नाही. पुष्कळ बँकांच्या खात्याच्या अटींत लिहिलेलं असतं, की संयुक्त खात्यातल्या कोणत्याही एका खातेदाराच्या देण्यासाठी संपूर्ण रक्कम वापरता येईल. आई-बाबा इथे राहायला आले, की सोयीसाठी आपण त्यांच्या खात्यावर आपलं नाव लावतो. आपलं कर्ज त्याच बँकेत असेल, तर त्यांच्या साठवणीलाही धोका असतो. पैसे त्यांचेच होते हे मग सिद्ध करत बसावं लागतं.

काही जण म्हणतील, वेळ आलीच तर दिवाळखोरीचा अर्ज करू, मग बँक हात लावू शकणार नाही. अर्ज केल्यावर बँकेला परस्पर वजाबाकी करता येत नाही, हे खरं. पण १९९५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सिटिझन्स बँक ऑफ मेरीलँड विरुद्ध स्ट्रम्फ या खटल्यात एक वेगळा मुद्दा निकाली काढला. खातेदाराचं ५,०६८.७५ डॉलरचं कर्ज थकलेलं होतं. त्याच्या दिवाळखोरीच्या अर्जानंतर बँकेने पैसे कापले नाहीत, फक्त तेवढी रक्कम अडवून ठेवली आणि कोर्टाकडे परवानगी मागितली. असं तात्पुरतं अडवणं म्हणजे सेट-ऑफ नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे पैसे बँकेने घेतले नाहीत तरी ऐन गरजेच्या वेळी ते तुमच्या हातात येत नाहीत.

मग आपल्या इंजिनिअरने काय करायला हवं होतं? सेट-ऑफ फक्त त्याच बँकेला करता येतो. जिथे आपलं काही देणं नाही, अशा दुसऱ्या बँकेत तुमच्या पैशाला हात लावायला तुमच्या कर्ज देणाऱ्या बँकेला आधी कोर्टाचा निकाल मिळवावा लागतो. म्हणून नोकरी गेल्याचं कळताच त्यांनी शेवटचा पगार आणि बचत अशा दुसऱ्या खात्यात वळवायला हवी होती, आणि घराचा हप्ताही तिथूनच लावायला हवा होता. यात कर्ज बुडवणं नाही. देणं राहतंच, पण आधी काय भरायचं हे तुम्ही ठरवता. मग पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेला फोन करून एक-दोन हप्ते पुढे ढकलून मागायचे, आणि मान्य झालं तर ते लेखी घ्यायचं.

आज संध्याकाळी एक काम करा. तुमचा पगार जिथे जमा होतो, त्याच बँकेचं कर्ज तुमच्यावर आहे का ते बघा. असेल तर खात्याच्या अटींची ती बारीक अक्षरातली पानं काढा आणि त्यात ‘सेट-ऑफ’ हा शब्द शोधा. संयुक्त खात्याबद्दल तिथे काय लिहिलंय, तेही वाचा.