दवाखान्याच्या कागदांचा हिशेब

(जानेफळ, ता. मेहकर येथील बैठकीतील भाषण)



कापसाचा चुकारा घेताना आपण काट्याची पावती जपतो, कारण पावती हरवली की व्यापारी म्हणेल तेच वजन. दवाखान्याच्या कागदांचे मात्र आपण गाठोडे करतो. ते गाठोडे तसेच विमा कंपनीला पाठवले की पैसे अडकतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत दवाखाना असेल, तर दावा दवाखानाच करतो. आजचा विषय त्याचा नाही. ज्यांनी हप्ता भरून मेडिक्लेम घेतला, दवाखान्यात खिशातून पैसे भरले आणि आता ते परत मागायचे आहेत, त्यांच्यासाठी हे आहे.

आपल्या एका कार्यकर्त्याच्या मुलाचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. घरी होते नव्हते ते सगळे कागद त्यांनी पिशवीत भरून पाठवले आणि अर्जावर 87,960 रुपये मागितले. महिन्याने पत्र आले : रकमेचा मेळ नाही, सोनोग्राफीचा रिपोर्ट नाही, 1,740 रुपयांच्या औषधांची चिठ्ठी नाही. आम्ही तिघे रात्री ओसरीवर कागद पसरून बसलो.

पहिली चूक लगेच सापडली. दवाखान्याचे अंतिम बिल 38,000 रुपयांचे. भरती होताना 20,000 आणि सुटी होताना 18,000 भरल्याच्या दोन पावत्या होत्या. बिलही धरले आणि पावत्याही धरल्या, म्हणजे एकच खर्च दोनदा मागितला. पावती हा पैसे भरल्याचा पुरावा आहे, वेगळा खर्च नाही. ती बिलामागे लावायची आणि तिच्यापुढे रक्कम लिहायची नाही. खरा खर्च निघाला 49,960.

मग जोड्या लावल्या. औषधाच्या प्रत्येक बिलाआधी डॉक्टरांची चिठ्ठी. तपासणीच्या प्रत्येक बिलामागे तिचा रिपोर्ट. जोडी लागली नाही की काय हरवले ते तिथेच कळते. सोनोग्राफी केंद्राकडून रिपोर्टची सही-शिक्क्याची दुसरी प्रत आणली. चिठ्ठीसाठी दवाखान्यात गेलो आणि केसपेपरमधील त्या दिवसाच्या औषधांच्या पानाची शिक्का मारलेली नक्कल मिळवली. दोन बिलांवर मुलाचे घरातले हाक मारायचे नाव होते, ते मेडिकलवाल्याकडून दुरुस्त करून सही-शिक्का घेतला. खाडाखोड आपल्या हाताने कधीही करू नका, ती खोटेपणा ठरते.

नंतर फाइल लावली ती अशी :

1. दावा अर्ज (आपला भाग आणि दवाखान्याने भरलेला भाग), पॉलिसी, ओळखपत्र, रद्द केलेला चेक – पाने 1 ते 9
2. डिस्चार्ज कार्ड – पाने 10 ते 12
3. दवाखान्याचे तपशीलवार बिल आणि दोन पावत्या – पाने 13 ते 17 – रु. 38,000
4. भरतीआधीची तपासणी – पाने 18 ते 23 – रु. 2,150
5. भरती असतानाची बाहेरून आणलेली औषधे, 7 बिले – पाने 24 ते 37 – रु. 8,450
6. सुटीनंतरची औषधे व ड्रेसिंग – पाने 38 ते 41 – रु. 1,360

प्रत्येक भागात तारखेप्रमाणे क्रम. हीच यादी सर्वात वर लावली, ती अनुक्रमणिका. तिची बेरीज आणि अर्जावरची रक्कम एकच हवी. पान क्रमांक उजव्या कोपऱ्यात, सगळे लावून झाल्यावर शेवटी टाकायचे. लहान बिले कोऱ्या पूर्ण कागदावर चिकटवा, पण छापील मजकूर झाकू नका. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढून मुळासोबत ठेवा.

भाग चार आणि सहासाठी पॉलिसीत दिवस ठरलेले असतात. पुष्कळ पॉलिसींत भरतीआधीचे 30 आणि सुटीनंतरचे 60 दिवस धरतात. आपल्या पॉलिसीत काय आहे ते वाचा. दावा पाठवण्याची मुदतही तिथेच लिहिलेली असते.

मूळ कागद देण्याआधी पान क्रमांकांसह पूर्ण फाइलची झेरॉक्स घ्या आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. पुढे कंपनीने म्हटले की अमुक कागद नाही, तर आपण उत्तर देऊ शकतो : पान 21 पाहा.

फाइल चांगली लावली म्हणून पॉलिसीत नसलेला खर्च मिळत नाही. आमच्या दाव्यातूनही हातमोजे, नोंदणी फी अशा बाबी कापल्या गेल्या. पण त्या कोणत्या आणि किती, हे अनुक्रमणिकेवर बोट ठेवून तपासता आले. बाकीची रक्कम खात्यावर जमा झाली.

तेव्हा घरी गेल्यावर एक जाड दोऱ्याची फाइल घेऊन ठेवा. माणूस भरती झाला की पहिली चिठ्ठी तिच्यात त्याच दिवशी गेली पाहिजे. आज कोणाचे कागद अडकलेले असतील, तर त्यांनी सभा संपल्यावर गाठोडे घेऊन थांबावे. इथेच सतरंजीवर जोड्या लावू.