बाळंतपण आणि पीएच.डी.ची रजा

पीएच.डी. करणाऱ्या मैत्रिणींनो, बाळ झाल्यावर ‘मॅडम, थोडे दिवस येत नाही’ असं मार्गदर्शकांना नुसतं तोंडी सांगून थांबू नका. त्या मनापासून ‘हो’ म्हणतील, पण फाइलवर नोंद होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार संशोधक विद्यार्थिनीला पूर्ण पीएच.डी.च्या काळात जास्तीत जास्त 240 दिवसांची प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. ‘देता येते’ म्हणजे अर्ज करावा लागतो, आणि मंजुरी विद्यापीठ देतं.

अर्जात तारखा स्पष्ट लिहा. समजा, रजा 1 जुलै 2025 पासून हवी आहे. मग 240 वा दिवस 25 फेब्रुवारी 2026 ला येतो आणि 26 ला रुजू व्हायचं. सोबत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जोडा, मार्गदर्शकांची शिफारस घ्या आणि संशोधन केंद्रामार्फत अर्ज पाठवून पोच घ्या.

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती अहवाल मांडावा लागतो. रजा नोंदलेली नसेल, तर तुमची गैरहजेरी प्रगती नाही म्हणून वाचली जाते. हे मला फार अन्यायाचं वाटतं. म्हणून समितीलाही लेखी कळवा.

फेलोशिप असेल, तर ती देणाऱ्या संस्थेला वेगळं कळवा. आणि महिलांना प्रबंधासाठी मिळू शकणारी दोन वर्षांची जादा मुदत या रजेहून निराळी आहे. तिचा अर्ज वेळ आल्यावर स्वतंत्र करायचा.