प्रयोगशाळेचे तास आधी, पुस्तकाचे नंतर
(पदवी परीक्षेच्या तयारीविषयीच्या भाषणाचा मजकूर)

विज्ञान शाखेच्या पदवी परीक्षेत प्रात्यक्षिक परीक्षा बहुधा लेखी परीक्षेच्या आधी येते. या क्रमामुळे विद्यार्थी दोन प्रकारे फसतात. काही जण प्रात्यक्षिकाच्या महिन्यात पुस्तके मिटून ठेवतात आणि मग लेखी परीक्षेपूर्वीचे मोजके दिवस त्यांना पुरत नाहीत. इतर काही घरी जर्नल वाचून प्रात्यक्षिकाची उजळणी झाली असे मानतात. पुस्तक पहाटे घरी वाचता येते. ब्यूरेट मात्र प्रयोगशाळेतच हाती येते. म्हणून वेळापत्रक आखताना प्रयोगशाळेचे तास प्रथम मांडावेत व लेखी विषय त्यांच्याभोवती बसवावेत.

रसायनशास्त्रातील एक नेहमीचा प्रयोग घेऊ. ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने पोटॅशियम परमँगनेटची तीव्रता ठरवावयाची आहे. विद्यार्थ्याने २५० मि.लि. पाण्यात ०.०५ मोलर आम्ल तयार करावे, त्यातील २५ मि.लि. पिपेटने शंकुपात्रात घ्यावे, विरल सल्फ्युरिक आम्ल घालून सुमारे ६० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत परमँगनेट सोडावे. शिक्षकांनी परमँगनेट ०.०२ मोलर ठेवले असेल, तर उत्तर २५ मि.लि. यावयास हवे.

आता दोन विद्यार्थ्यांची वाचने पाहू. पहिल्याची वाचने २४.६, २५.३ आणि २५.० अशी येतात. सरासरी बरोबर दिसते, पण वाचने एकमेकांशी जुळत नाहीत. येथे दोष हाताचा आहे. ब्यूरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला असेल, अखेरचे थेंब घाईने सोडले गेले असतील, किंवा गडद द्रावणाची पातळी एकदा वरच्या कडेवरून व एकदा खालच्या कडेवरून वाचली गेली असेल. या विद्यार्थ्याने कितीही वाचन केले तरी उपयोग नाही. त्याला प्रयोगशाळेत आणखी एक बैठक हवी.

दुसऱ्याची वाचने १७.८, १७.९, १७.९ अशी आहेत. हात उत्तम आहे, पण उत्तर चुकले आहे. स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्लात पाण्याचे दोन रेणू असतात. त्याचा रेणुभार १२६ धरावयास हवा. त्याने ९० धरला आणि १.५७५ ग्रॅमऐवजी १.१२५ ग्रॅम आम्ल वजन केले. याला प्रयोगशाळेतील जादा बैठकीची गरज नाही. घरी बसून गणिते सोडविल्याने त्याचा दोष जाईल. असा निवाडा झाल्यावाचून आखलेले वेळापत्रक दोघांचाही वेळ वाया घालविते.

हाच प्रयोग लेखी अभ्यासालाही जोडता येतो. पहिल्या काही थेंबांचा रंग सावकाश जातो आणि पुढे झटकन जातो, कारण तयार होणारे मँगॅनीजचे आयन त्याच क्रियेला गती देतात. आम्ल कमी पडले तर तपकिरी गढूळपणा येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण परमँगनेट त्यातील क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते. मौखिक परीक्षेतील हे प्रश्न लेखी परीक्षेत ऑक्सिडीकरण व क्रियावेग या प्रकरणांत पुन्हा भेटतात. म्हणून प्रयोगाच्या दिवशीच संध्याकाळी तासभर तेच प्रकरण वाचावे.

समजा, प्रात्यक्षिकाला चार आठवडे आहेत आणि प्रयोगशाळा मंगळवारी व शुक्रवारी मिळते. म्हणजे आठ बैठका झाल्या. पहिल्या तीन बैठकांत अनुमापन, कार्बनी पदार्थाची ओळख आणि भौतिक रसायनातील एक प्रयोग, असे एकेक काम जर्नल मिटून व घड्याळ लावून करावे. त्यात जे कच्चे आढळेल त्याला पुढील तीन बैठका द्याव्यात. अखेरच्या दोन बैठकांत मौखिक प्रश्नांसह परीक्षेप्रमाणे संपूर्ण काम करावे. नवा प्रयोग घेऊ नये. उरलेल्या दिवशी सकाळचे दोन तास प्रयोगाशी संबंध नसलेल्या लेखी प्रकरणांना द्यावेत व ते कोणत्याही कारणाने मोडू नयेत. जर्नल पहिल्याच आठवड्यात पुरे करून त्यावर सही घ्यावी, कारण अनेक विद्यापीठांत प्रमाणित जर्नलावाचून प्रात्यक्षिकास बसू देत नाहीत.

या योजनेला एक मर्यादा आहे. प्रयोगशाळा उघडी नसेल तर ती कागदावरच राहते. महाविद्यालयाने उजळणीच्या बैठकांचे दिवस महिनाभर आधी लावावेत, द्रावणे तयार ठेवावीत आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची परतीची एस.टी. लक्षात घेऊन वेळ ठरवावी. शेवटची गाडी पाच वाजता सुटत असेल, तर तीन वाजता सुरू झालेली बैठक त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने अर्धीच असते.