मृत्युपत्र आणि डॉक्टरांचा दाखला
(निपाणी येथे महाजन कुटुंबीयांसमोर दिलेले भाषण)



वृद्ध माणसाचे मृत्युपत्र न्यायालयात अडते ते बहुधा एकाच प्रश्नापाशी : सही करतेवेळी त्याची बुद्धी ठिकाणावर होती काय? उत्तर देऊ शकणारी व्यक्ती त्यावेळी हयात नसते. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्याची गरज पडते.

पण दाखला कसला हवा? १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात ५९ व्या कलमाखाली एक मार्मिक उदाहरण दिलेले आहे. एखाद्यास भोवताली काय चालले आहे ते कळते, नेहमीच्या प्रश्नांना उत्तरेही देता येतात. परंतु आपली मालमत्ता काय, आप्त कोण, आणि कोणास देणे उचित, याची जाण नसेल तर त्यास मृत्युपत्र करता येत नाही. उलटपक्षी, देहाने खंगलेला पण ही जाण शाबूत असलेला मनुष्य ते खुशाल करू शकतो. तेव्हा ‘रुग्ण शुद्धीवर आहे’ एवढ्या एका ओळीने मूळ प्रश्न सुटत नाही.

समजा, ऐंशी वर्षांच्या एका आजींना राहते घर धाकट्या सुनेच्या नावे करावयाचे आहे. सहीच्याच दिवशी, सहीपूर्वी, डॉक्टरांनी घरच्यांना खोलीबाहेर बसवावे आणि विचारावे : तुमचे घर, शेत, ठेवी कोठे आहेत? मुले किती? थोरल्याला घरात वाटा का नाही? ‘थोरल्याला शेत आधीच दिले, माझी सेवा हिने केली,’ असे आजींनी आपल्या तोंडाने सांगितले, की ही प्रश्नोत्तरे, तारीख, वेळ आणि चालू औषधे दाखल्यात लिहावीत. गुंगीचे औषध चालू असेल वा तापात बरळणे असेल, तर सही पुढे ढकलावी. विसराळूपणा वाढलेला दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

मृत्युपत्रास किमान दोन साक्षीदार लागतात. त्यांपैकी एक हेच डॉक्टर असल्यास उत्तम; मात्र आजींची सही त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली असावी. दुसरा साक्षीदार वयाने तरुण असावा, कारण साक्षीची वेळ अनेक वर्षांनी येते.

आता दाखल्याची मर्यादाही सांगतो. म्हैसूरकडील एका वृद्ध बाईंच्या १९४५ सालच्या मृत्युपत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५८ साली धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल लिहिला. मृत्युपत्र करवून घेण्यात ज्याने पुढाकार घेतला, त्याच्याच मुलांना मोठा लाभ मिळत होता. असा संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावरच असते, असे न्यायालयाने ठरविले आणि ते मृत्युपत्र मान्य झाले नाही.

म्हणून आमच्या उदाहरणातील सुनेने डॉक्टर आणू नयेत, मसुदा सांगू नये, त्या वेळी खोलीत बसू नये. तिने दूर राहणे हेच तिच्या हक्काचे रक्षण आहे.