स्फटिकाचा आकार आणि प्रकाशाचा रंग

झुरिच येथील कोवालेंको गटाने 2015 मध्ये सीझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्स्काइटचे नॅनोस्फटिक, म्हणजे काही नॅनोमीटर रुंदीचे घनाकृती कण, तयार केले. त्यासाठी ओलेइक आम्ल व ओलेइलअमाइन घातलेल्या लेड ब्रोमाइडच्या 140 ते 200 अंश सेल्सिअसच्या द्रावणात सीझियम ओलिएट झटकन सोडले आणि काही सेकंदांतच ते बर्फात थंड केले. तापमान जितके कमी, तितके कण लहान. कण सुमारे 12 वरून 4 नॅनोमीटरवर आल्यावर हिरवी दीप्ती निळी झाली, कारण इलेक्ट्रॉन व त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांच्या जोडीला, तिचा स्वाभाविक व्यास सुमारे 7 नॅनोमीटर असल्याने, लहान कणात कोंडून राहावे लागते व तिची ऊर्जा वाढते. त्याहून मोठ्या कणांत हा परिणाम क्षीण होतो, तर कणांचे आकार असमान असल्यास वर्णपटातील शिखर रुंदावते.